क्लायंट तुमच्यासाठी किती देतो आणि त्यातलं तुमच्यापर्यंत किती येतं: एजन्सीच्या पेरोलवर असणाऱ्यांसाठी

डोंबिवलीला राहणारी माझी भाची ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीत बॅक ऑफिसला आहे. गळ्यात कंपनीचं कार्ड, बसायला कंपनीची खुर्ची, कामावर नजर ठेवायला कंपनीचा टीम लीडर. पगार मात्र दुसऱ्याच एका एजन्सीकडून येतो. मागच्या वर्षी दिवाळीत ती ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, साडेचोवीस हजाराचं पॅकेज म्हणाले होते, हातात अठराच येतात. बाकीचे साडेसहा एजन्सी खाते ना?"

मी अंधेरी पूर्वेला एका स्टाफिंग एजन्सीत अकरा वर्षं पेरोल बघितला. महिन्याच्या २५ तारखेला हजेरी गोळा करायची, १ तारखेपर्यंत पगार बसवायचा आणि क्लायंटला बिल काढायचं, हे माझं काम होतं. म्हणजे कामगाराची सॅलरी स्लिप आणि त्याच्याच नावावर क्लायंटला जाणारं बिल, हे दोन्ही कागद रोज माझ्यासमोर शेजारी शेजारी असायचे. तेव्हा भाचीला जे सांगितलं तेच इथे लिहिते. तिचा अंदाज चुकला होता: ते साडेसहा हजार एजन्सीने खाल्ले नव्हते. एजन्सीचा हिस्सा तिच्या ऑफर लेटरवर नव्हताच. तो त्याच्या बाहेर, तिला कधीच न दिसणाऱ्या कागदावर होता.

आधी आपलाच कागद नीट वाचा

ऑफर लेटरच्या मागे एक तक्ता जोडलेला असतो. सगळे त्याला ब्रेकअप म्हणतात. भाचीचा महिन्याचा ब्रेकअप असा होता:

- बेसिक: १५,०००
- भत्ते: ५,०००
- म्हणजे ग्रॉस: २०,०००
- पीएफचा मालकाचा हिस्सा, प्रशासन आणि विमा आकारासह १३ टक्के: १,९५०
- ईएसआयसीचा मालकाचा हिस्सा, ३.२५ टक्के: ६५०
- बोनस, बेसिकवर ८.३३ टक्के: १,२५०
- ग्रॅच्युइटी, बेसिकवर ४.८१ टक्के: ७२२
- एकूण सीटीसी, म्हणजे तिच्यावर होणारा सगळा खर्च: २४,५७२

ग्रॉस २०,००० मधून तिचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि ईएसआयसी १५० कापले जातात. उरतात १८,०५०. व्यवसाय कर तिला लागत नाही, कारण महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला तेवढ्याच पगारावर २०० रुपये कापून १७,८५० मिळतात, आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात.

या तक्त्यात एजन्सीची कमाई कुठेच नाही. पीएफचा पैसा पीएफ खात्यात जातो, ईएसआयसीचा दवाखान्याच्या योजनेत जातो आणि बोनस वर्षाअखेरीस यायचा असतो. म्हणून "माझ्या सीटीसीतून एजन्सी कापते" असं म्हणत भांडायला गेलात तर समोरचा एचआर शांतपणे हाच तक्ता पुढे करेल आणि तुम्ही गप्प व्हाल. एक गोष्ट मात्र इथेच तपासा. मालकाचा पीएफ हिस्सा ग्रॉसच्या वर धरलेला असला पाहिजे. कबूल केलेल्या ग्रॉसमधूनच दोन्ही हिस्से, म्हणजे १,८०० आणि वर १,९५०, कापलेले दिसले तर ते चूक आहे. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून वसूल करता येत नाही.

आता न दिसणारा कागद

तुमच्या नावाने एजन्सी दर महिन्याला क्लायंट कंपनीला बिल पाठवते. एका माणसामागे जी रक्कम लावली जाते तिला बिलिंग रेट म्हणतात. तो ठरवायचे मुख्यतः दोन प्रकार आहेत, आणि तुमचा पगार वाढणार की नाही हे बरंचसं यावरच अवलंबून असतं.

पहिल्या प्रकारात क्लायंट तुमचा सगळा सीटीसी जसाच्या तसा भरतो आणि त्यावर एजन्सीला सर्व्हिस चार्ज देतो. हा चार्ज कधी टक्क्यांत असतो, कधी माणशी ठरलेली रक्कम. भाचीच्या सीटीसीवर ८ टक्के धरले तर १,९६६ रुपये होतात आणि बिल २६,५३८ चं निघतं. या पद्धतीत तुमचा पगार कमी ठेवून एजन्सीला काहीच मिळत नाही. उलट चार्ज टक्क्यांत असेल तर तुमचा पगार वाढला की तिचेही चार पैसे वाढतात. इथे पगारावर हात क्लायंटचा असतो, म्हणून एजन्सीच्या मागे लागण्यात अर्थ नसतो.

दुसऱ्या प्रकारात क्लायंट एकच ठरीव रक्कम देतो: "या पोस्टला माणशी ३०,००० अधिक जीएसटी, त्यात सगळं आलं." त्या ३०,००० मधून माणसाला किती द्यायचे ते एजन्सी ठरवते. भाचीवर २४,५७२ खर्च झाले की उरलेले ५,४२८ एजन्सीचे, यालाच मार्जिन म्हणतात. तिला २३,००० च्या सीटीसीवर राजी केलं असतं तर सात हजार उरले असते. या पद्धतीत कामगाराला कमी दिलेला प्रत्येक रुपया सरळ एजन्सीच्या खिशात जातो. मार्जिनमुळे पगार घटतो असं जे म्हणतात ते खरं होतं ते इथे.

टक्केवारी ऐकताना सावध राहा. ५,४२८ हे बिलाच्या १८ टक्के आहेत, पण तिच्या सीटीसीच्या २२ टक्के. एजन्सीचा माणूस नेहमी बिलावरची टक्केवारी सांगतो, कारण ती लहान दिसते. तुम्ही विचाराल तेव्हा टक्के विचारू नका, रुपये विचारा.

जीएसटीचंही सांगून टाकते. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३०,००० वर ५,४००. कुणीतरी "क्लायंट तुझे ३५,४०० देतो" असं सांगितलं तर त्यातले ५,४०० सरकारचे आहेत, ते एजन्सीच्या कमाईत धरू नका. बहुतेक कंपन्यांना त्याची वजावट मिळते. रुग्णालयं आणि शाळांना साधारणपणे मिळत नाही, तिथे तो क्लायंटचा खराच खर्च असतो आणि तिथले रेटही त्यामुळे जास्त ताणलेले असतात.

एजन्सीचा खर्च किती खरा?

माझ्या जुन्या धंद्याची बाजूही मांडायला हवी, कारण ती माहीत नसेल तर तुमची मागणी हवेत जाते. एजन्सी तुमचा पगार ७ तारखेच्या आत देते, पण क्लायंट बिल बऱ्याचदा ४५ दिवसांनी चुकतं करतो. मधल्या काळात एजन्सीचा पैसा अडकतो. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर २४,५७२ वर ४५ दिवसांचे साधारण ३६४ रुपये होतात. शिवाय क्लायंट बिलातून टीडीएस कापून घेतो, तो परतावा येईपर्यंत अडकतो. माणूस शोधणाऱ्या रिक्रूटरचा पगार, पीएफ-ईएसआयसीचं चलन भरणारी माणसं आणि मुलाखतीला येऊन चार दिवसांत सोडून जाणाऱ्यांवर वाया गेलेला खर्च, हे सगळं त्याच मार्जिनमधून भागतं.

पहिल्या प्रकारातल्या १,९६६ रुपयांत एजन्सी हे सगळं भागवते आणि धंदाही करते. मग तसल्याच बॅक ऑफिसच्या कामावर ५,४२८ मिळत असतील तर त्यात कामगाराला देण्याजोगे हजार-दीड हजार नक्की असतात. मी स्वतः अशी बिलं काढली आहेत, म्हणून हे ठामपणे लिहिते.

आपलं बिल कुठल्या प्रकारचं, हे कसं ओळखायचं?

एजन्सी बिलिंग रेट सांगणार नाही. क्लायंटशी झालेल्या करारात ते गुप्त ठेवायची अट असते, आणि रिक्रूटरला तर तो बऱ्याचदा माहीतही नसतो. पण खुणा दिसतात.

मुलाखतीनंतर रिक्रूटरने "तुमची अपेक्षा किती?" असं विचारून घासाघीस केली, तर बहुधा रेट ठरीव आहे. पगार जितका खाली येईल तितका त्याला फायदा, म्हणून तो घासाघीस करतो. उलट "या पोस्टला इतकंच मंजूर आहे, क्लायंटच्या एचआरने ठरवलंय" असं उत्तर मिळालं आणि पगारवाढीचं पत्रही क्लायंटच्या मंजुरीनंतरच आलं, तर सर्व्हिस चार्जची पद्धत असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात बोलकी खूण शेजारच्या टेबलावर असते. त्याच एजन्सीच्या, त्याच कामाच्या, एकाच महिन्यात लागलेल्या दोघांचा पगार वेगळा असेल तर रेट ठरीवच असतो. क्लायंटने दोघांचे सारखेच पैसे मोजलेत, फरक एजन्सीत पडला. भाचीच्या ओळीत चौघी होत्या आणि चौघींचा ग्रॉस वेगळा होता: १८,५०० पासून २०,८०० पर्यंत. डबे खाताना हे आकडे एकमेकींना सांगायला त्यांना दीड वर्ष लागलं. पगार सांगू नये अशी तोंडी ताकीद दिलेली असते, आणि त्या ताकिदीचा फायदा कुणाला होतो ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

रेटचा अंदाज बांधायचा अजून एक मार्ग आहे. मोठे क्लायंट एकाच पोस्टसाठी दोन-तीन एजन्सींना माणसं आणायला सांगतात. तेच ठिकाण, तेच काम, तीच शिफ्ट, पण वेगवेगळ्या रिक्रूटरचे फोन येतात. अशा वेळी प्रत्येकाला सीटीसी विचारून लिहून ठेवा. एकाने २४,५००, दुसऱ्याने २६,८०० सांगितले, तर बिल किमान २६,८०० च्या वर आहे एवढं पक्कं झालं. तुमच्या वाटाघाटीला खालची पायरी मिळाली.

सरकारी कार्यालयात, महापालिकेत किंवा सरकारी कंपनीत कंत्राटी असाल तर अंदाजाची गरजच नाही. निविदेच्या कागदांत सर्व्हिस चार्ज कसा लावायचा हे बहुधा लिहिलेलं असतं. माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून कार्यादेशाची प्रत आणि मंजूर दरपत्रक मागता येतं. अर्ज तुमच्याच नावाने गेला तर दबाव येईल असं वाटत असेल तर घरातलं कुणीही तो करू शकतं.

मध्ये किती जण आहेत ते बघा

कधी कधी तुम्हाला पगार देणारी एजन्सी क्लायंटची थेट कंत्राटदार नसते. मोठी एजन्सी कंत्राट घेते आणि माणसं लहान एजन्सीकडून भरून घेते. समजा वरच्या एजन्सीने ३०,००० मधले २,५०० ठेवले. तुमच्या एजन्सीकडे २७,५०० येतात. तुमच्यावर २४,५७२ खर्च केले की तिच्याकडे २,९२८ उरतात. अशा एजन्सीकडे दोन हजारांची वाढ मागितली तर ती खरंच देऊ शकत नाही.

हे तपासायला दहा मिनिटं लागतात. तीन ठिकाणची नावं एका कागदावर लिहा: नेमणूक पत्रावर सही करणारी कंपनी, बँक स्टेटमेंटवर पगार जमा करणारी कंपनी आणि उमंग अ‍ॅपवर पीएफ पासबुकात दिसणारं आस्थापनेचं नाव. तिन्ही एक असतील तर ठीक. पीएफ एका नावाने आणि पगार दुसऱ्याच नावाने येत असेल तर मध्ये आणखी कुणीतरी आहे. पासबुक उघडलंच आहे तर तुमचा आणि मालकाचा हिस्सा दर महिन्याला जमा झालाय का तेही बघून घ्या. स्लिपवर कापलेला पीएफ पासबुकात नसेल तर पगारवाढीचा विषय बाजूला ठेवा आणि आधी त्याचा पाठपुरावा करा.

मार्जिनच्या बाहेरचं मार्जिन

आता जे लिहिते त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. आमच्या बिलांत क्लायंटकडून दर महिन्याला ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के आणि बोनसचे ८.३३ टक्के वसूल व्हायचे. माणसाला ते लगेच द्यायचे नसतात. बोनस वर्षातून एकदा, ग्रॅच्युइटी सोडताना. दरम्यान माणूस सोडून गेला आणि त्याने मागितलंच नाही, तर तो पैसा कुठे जातो? क्लायंटने परत मागितला नाही तर एजन्सीकडेच राहतो.

भाचीला तेव्हा २२ महिने झाले होते. ७२२ गुणिले २२, म्हणजे १५,८८४ रुपये तिच्या नावाने, ग्रॅच्युइटी म्हणून, तिच्या सीटीसीत दाखवून धरले गेले होते. जुन्या कायद्याने पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ग्रॅच्युइटी मिळत नसे, आणि एजन्सीच्या पेरोलवर पाच वर्षं फार थोडे टिकतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर असणाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. म्हणून तुमच्या पत्रात मुदत लिहिली आहे का ते बघा. पत्र ११ महिन्यांचं असेल आणि मध्ये दोन दिवसांचा खंड दाखवून नवं पत्र दिलं जात असेल तर त्याचं कारण लेखी विचारा, आणि सगळी पत्रं जपून ठेवा.

बोनसचं उत्तर सोपं आहे. वर्षात ३० दिवस काम केलेला माणूस बोनसला पात्र ठरतो. "मधेच सोडलंस, आता बोनस नाही" हे मी आमच्याच ऑफिसमध्ये शेकडो वेळा ऐकलं, आणि तेव्हा मान खाली घालून बसायचे, हे आज लिहिताना जड जातं. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे एप्रिल-मार्च वर्ष असेल तर नोव्हेंबरअखेरपर्यंत तो मिळायला हवा. सोडून गेलेल्यालाही.

ओव्हरटाइम हा तिसरा मुद्दा. महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट दर आहे. क्लायंटकडून दुप्पट घेऊन कामगाराला एकपट दिलेली उदाहरणं मी पाहिली आहेत. क्लायंटच्या हजेरी प्रणालीतले तुमचे जादा तास महिनाअखेरीस मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि स्लिपशी ताडून बघा.

काय विचारायचं, कुणाला आणि कधी

सही करण्याआधी एजन्सीला विचारायचे प्रश्न मी भाचीला वहीत लिहून दिले होते. पहिला: "ग्रॉस किती आणि हातात किती, दोन्ही आकडे लेखी द्याल का?" सीटीसीवर कधीच हो म्हणू नका. दुसरा: "क्लायंट माझा पगार प्रत्यक्ष खर्चावर देतो की माणशी ठरीव रेट आहे?" रेट सांगा असं म्हणू नका, फक्त प्रकार विचारा. हे सांगायला त्यांना गुप्ततेची अट आड येत नाही. उत्तर टाळलं तर ते ठरीवच समजा. तिसरा: "क्लायंटचं कंत्राट कधी नूतनीकरणाला येतं, आणि रेट वाढला तर माझ्या पगारात किती येणार?" चौथा: "बोनस आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत धरली आहे, ती मी सोडताना कशी मिळेल?" आणि पाचवा, जो सगळे विसरतात: "क्लायंटने मला आपल्या पेरोलवर घ्यायचं ठरवलं तर तुम्ही त्यांच्याकडून फी घेणार का, किती महिन्यांपर्यंत?" ही फी मोठी असेल तर क्लायंट तुम्हाला कायम करायला कचरतो, आणि तुम्हाला वर्षानुवर्षं त्याचं कारण कळत नाही.

कुणी पैसे मागितले तर थांबा. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, कार्डाचे पैसे, यांतलं काहीही नोकरी लावण्यासाठी तुमच्याकडून घ्यायचं नसतं. एजन्सीला पैसे क्लायंट देतो.

आधीच नोकरीवर असाल तर वेळ साधा. कंत्राटाचं नूतनीकरण हीच ती वेळ. कंत्राट बऱ्याच ठिकाणी मार्चअखेर संपतं, म्हणजे बोलणं जानेवारीतच सुरू व्हायला हवं. क्लायंट ३०,००० चे ३१,५०० करतो, ५ टक्के वाढ देतो. एजन्सी तुमच्या भत्त्यांत ५०० वाढवते. ईएसआयसीचे १७ रुपये धरून तिला ५१७ खर्च येतो आणि उरलेले ९८३ मार्जिनमध्ये जातात. तुम्हाला पत्र मिळतं, पेढे वाटता, आणि तुमच्या नावाने आलेल्या वाढीतला मोठा भाग दुसरीकडे गेलाय हे कधी कळत नाही. पत्र निघाल्यावर मागणी केली तर पुढच्या मार्चपर्यंत थांबायला सांगतात.

आकडा मागतानाही ईएसआयसीची २१,००० ची मर्यादा लक्षात ठेवा. ग्रॉस २०,००० चा थेट २२,००० करून घेतलात, तर त्यावेळचा सहामाही योगदान काळ (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपला की तुम्ही योजनेच्या बाहेर जाता. घरात आजारी आईवडील असतील तर हा दवाखाना गमावणं महागात पडतं, आणि एजन्सीचे महिन्याला साडेसहाशे रुपये वाचतात. म्हणून एक तर २१,००० वर थांबा, नाहीतर मर्यादा ओलांडताना कुटुंबासह आरोग्य विमा पत्रात लिहून घ्या.

मागणी फोनवर करू नका, ईमेलवर करा, आणि आरोप न करता करा. भाचीने जानेवारीत पाठवलेला मजकूर जवळपास असा होता:

"मी २४ महिने या प्रकल्पावर काम करत आहे. क्लायंटसोबतचा करार मार्चमध्ये नूतनीकरणाला येत असल्याचं समजलं. त्या वेळी माझा ग्रॉस २१,००० करावा ही विनंती. करारातील दर वाढल्यास त्याचा किती भाग माझ्या वेतनात येईल हे कृपया कळवावं. तसंच माझ्या सीटीसीत दाखवलेली ग्रॅच्युइटी नोकरी सोडताना कशी देय असेल, हेही लेखी कळवावं."

तिने टीम लीडरलाही आधी सांगून ठेवलं. ठरीव रेटच्या कंत्राटात क्लायंटकडचा माणूस फार उपयोगी पडतो. त्याला नवी मुलगी शिकवायला दोन महिने लागणार असतात, आणि त्याने एजन्सीच्या अकाउंट मॅनेजरला "ही टिकली पाहिजे" एवढं म्हटलं की हजार रुपयांचा प्रश्न मोठा राहत नाही. मात्र क्लायंटच्या माणसासमोर "एजन्सी माझ्यावर पाच हजार कमावते" असं बोलू नका. तो ते एजन्सीला सांगेल आणि आकडा कुठून कळला याचीच चौकशी सुरू होईल.

दिलं नाही तर

मार्जिन किती घ्यावं यावर खाजगी कंपन्यांत कायद्याची मर्यादा नाही, म्हणून जास्त मार्जिनची तक्रार कुठल्याच कार्यालयात टिकत नाही. थकलेला पगार, न भरलेला पीएफ, न दिलेला बोनस किंवा ओव्हरटाइम यांची तक्रार मात्र टिकते. आणि इथे क्लायंट कंपनी हात झटकू शकत नाही: कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या संहितांतही आहे. म्हणून पहिला ईमेल एजन्सीला, प्रत क्लायंटच्या एचआरला. पंधरा दिवसांत उत्तर नाही तर पीएफसाठी ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर जा. पगार आणि बोनससाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात कामगार आयुक्त कार्यालय आहे. नोकरी सुटल्यावर हिशेबासाठी ४५ दिवस थांबायला सांगत असतील, तर वेतन संहितेत दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायची तरतूद आहे, तेवढं ईमेलमध्ये लिहा.

भाचीला एजन्सीने आधी ५०० सांगितले. तिने २१,००० चीच मागणी शांतपणे पुन्हा पाठवली, टीम लीडर बोलला, आणि एप्रिलपासून ग्रॉस २१,००० झाला. हातात आता १९,०४२ येतात. ओळीतल्या बाकीच्या तिघींनीही तसेच ईमेल केले. त्यातल्या दोघींना वाढ मिळाली, तिसरीचा पीएफ वेगळ्याच नावाने जमा होतोय असं निघालं, म्हणजे ती आणखी एका मधल्या एजन्सीकडून आली आहे. ग्रॅच्युइटीबद्दल भाचीला "धोरणानुसार" एवढंच उत्तर आलं. कुठल्या धोरणानुसार, आणि ते धोरण कुठे बघायला मिळेल, हे विचारणारा दुसरा ईमेल तिने परवा पाठवला.